निर्देशांक १३८.८ म्हणजे महागाई ३८.८ टक्के नव्हे

अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत एक प्रश्न नेहमी येतो. २०१६ हे आधारभूत वर्ष धरले असता किंमत निर्देशांक २०२१ मध्ये १२५ आणि २०२२ मध्ये १३० होता; तर २०२२ मधील महागाईचा दर काढा. प्रश्नातील आकडे कल्पित असतात, परंतु त्यांवर येणारी उत्तरे अगदी ठरावीक असतात. कोणी ३० टक्के लिहितो, कोणी ५ टक्के लिहितो, तर कोणी ३.८५ टक्के. या तिघांचीही बेरीज-वजाबाकी चुकलेली नसते. पहिल्याने १३० मधून १०० वजा केले. दुसऱ्याने १३० मधून १२५ वजा करून तेथेच लेखणी थांबवली. तिसऱ्याने त्या ५ ला १३० ने भागले. बरोबर उत्तर ४ टक्के आहे, कारण वाढ ज्या आकड्यापासून झाली त्या १२५ नेच भागावयास हवे.

ही चूक गणिताची नाही, ती अर्थाची आहे. म्हणूनच आकडेमोड पुन्हा तपासून ती सापडत नाही. आकडेमोड दहा वेळा केली तरी तेच उत्तर येते आणि विद्यार्थ्याचा त्यावरील विश्वास मात्र दहापट वाढतो. अशा उत्तराची तपासणी निराळ्या रीतीने करावी लागते. ती रीत पुस्तकातील कल्पित आकड्यांवर समजावण्यापेक्षा आपल्या परिसरातील घराघरांत येणाऱ्या आकड्यांवर समजावणे अधिक सोपे आहे. दीपनगर वसाहत वीजनिर्मिती केंद्राची असली तरी भोवतालच्या भुसावळ–वरणगाव पट्ट्यात रेल्वेत आणि आयुधनिर्माणीत नोकरी केलेली असंख्य कुटुंबे आहेत. त्यांच्या वेतनावरील महागाई भत्ता आणि निवृत्तिवेतनावरील महागाई वाढ याच निर्देशांकावरून ठरते. वीज कंपनीच्या वेतनश्रेण्यांचे करार स्वतंत्र असल्याने येथे उदाहरणासाठी केंद्र सरकारचे सूत्र घेतले आहे.

हा निर्देशांक म्हणजे औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक. केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाचा श्रम ब्युरो तो दरमहा प्रसिद्ध करतो. या ब्युरोची स्थापना ऑक्टोबर १९४६ मधील. त्याच्या आधी जुलै १९४२ पासून जून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. रुपयाचे स्थैर्य सोन्याशी असलेल्या विनिमयदरावरून नव्हे, तर देशात त्याने काय विकत घेता येते यावरून मोजावे, ही भूमिका त्यांनी १९२३ च्या रुपयाविषयीच्या आपल्या ग्रंथातच मांडली होती. निर्देशांक मोजतो ते नेमके हेच. ठरावीक वस्तूंची, ठरावीक प्रमाणातील एक टोपली घ्यायची आणि ती आधारभूत वर्षी १०० रुपयांना मिळत होती असे मानल्यास आज तिला किती रुपये पडतील, एवढेच तो सांगतो.

डिसेंबर २०२३ चा निर्देशांक घेऊ. २०१६ = १०० या आधारावर तो १३८.८ होता. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये, तो १३२.३ होता. या दोन आकड्यांमधून तीन निरनिराळी विधाने निघतात आणि तिन्ही खरी आहेत. एक, २०१६ च्या सरासरीपेक्षा किमती ३८.८ टक्क्यांनी वर आहेत. दोन, निर्देशांक वर्षभरात ६.५ अंशांनी वाढला. तीन, वर्षाचा महागाई दर ४.९१ टक्के होता, कारण ६.५ भागिले १३२.३, गुणिले १०० म्हणजे ४.९१. पहिले विधान पातळीचे आहे, दुसरे अंतराचे आणि तिसरे वेगाचे. भुसावळहून मुंबईकडे निघालेली गाडी सध्या कोणत्या मैलाच्या दगडापाशी आहे, गेल्या तासात तिने किती अंतर कापले आणि तिचा वेग किती, या तीन गोष्टी जितक्या वेगळ्या तितकीच ही विधाने वेगळी आहेत. महागाईचा दर विचारला असता ३८.८ सांगणे म्हणजे वेग विचारल्यावर मैलाचा दगड दाखवणे होय.

मग उत्तर तपासायचे कसे? पहिली कसोटी उलट गुणाकाराची. काढलेला दर सुरुवातीच्या आकड्यावर चढवून पाहावा. शेवटचा आकडा परत आला पाहिजे. १३२.३ वर ४.९१ टक्के चढवले तर १३८.८ येतात. ३८.८ टक्के चढवले तर १८३ च्या पुढे जातो, म्हणजे ते उत्तर बाद. ६.५ टक्के चढवले तर १४०.९ येतात, हेही बाद. ही कसोटी अर्ध्या मिनिटाची आहे आणि पातळी, अंतर व दर यांतील गोंधळ ती जवळजवळ नेहमी पकडते. मात्र निर्देशांक १०० च्या अगदी जवळ असेल तर तिची धार बोथट होते. १०१ वरून १०५ वर गेलेला निर्देशांक ४ अंश वाढला आणि ३.९६ टक्के वाढला. दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी दिसतात. नव्या मालिकेच्या पहिल्या एकदोन वर्षांत अंशांना टक्के म्हणण्याची सवय अशीच जडते, कारण तेव्हा ती फारशी अडचणीत आणत नाही.

आधारभूत वर्षाची चूक मात्र या कसोटीतून निसटू शकते. तिचे सर्वांत ठळक उदाहरण २०२० मधले आहे. ऑगस्ट २०२० पर्यंत हा निर्देशांक २००१ = १०० या आधारावर निघत होता आणि त्या महिन्यात तो ३३८ होता. पुढच्या महिन्यापासून आधारभूत वर्ष २०१६ झाले आणि सप्टेंबर २०२० चा निर्देशांक ११८.१ असा प्रसिद्ध झाला. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून कोणी टक्केवारी काढली तर किमती एका महिन्यात ६५ टक्क्यांनी कोसळल्या असे उत्तर येईल. उलट गुणाकार करून पाहिला तर ३३८ वर ६५ टक्के घट चढवल्यावर जवळपास ११८ च येतील, म्हणजे पहिली कसोटी या उत्तराला बरोबर ठरवील. त्या महिन्यात बाजारात गेलेला माणूस मात्र या उत्तरावर हसेल.

दोन मालिका जोडण्यासाठी ब्युरोने एक गुणक दिला आहे; कार्यालयांत त्याला ‘लिंकिंग फॅक्टर’ म्हणतात. २०१६ ची मालिका २००१ च्या मालिकेत नेण्यासाठी तो २.८८ आहे. ११८.१ ला २.८८ ने गुणले की ३४०.१ येतात. म्हणजे ३३८ वरून ३४०.१, सुमारे ०.६ टक्का वाढ. घट मुळीच नव्हती. मोजपट्टी बदलली होती. त्याआधी १९८२ ची मालिका बदलून २००१ ची आली तेव्हाचा गुणक ४.६३ होता. जुना करार, न्यायालयाचा निवाडा किंवा घरभाड्याचा दस्तऐवज ज्या आधारभूत वर्षाच्या भाषेत लिहिला असेल, त्या भाषेत आजचा आकडा आणण्यासाठी हे गुणक लागतात. एकाहून अधिक मालिका ओलांडायच्या असतील तर गुणकांचा गुणाकार करावा लागतो, बेरीज नव्हे.

येथे दुसरी कसोटी हाती येते आणि मला ती पहिलीपेक्षा अधिक मोलाची वाटते. आधारभूत वर्ष बदलले तरी टक्केवारीतील बदल बदलता कामा नये. डिसेंबर २०२२ आणि डिसेंबर २०२३ चे आकडे जुन्या मोजपट्टीवर नेऊ. १३२.३ चे ३८१.०२ होतात आणि १३८.८ चे ३९९.७४. अंतर आता ६.५ राहिले नाही, ते १८.७२ झाले. पण १८.७२ ला ३८१.०२ ने भागले की पुन्हा ४.९१ टक्केच येतात. म्हणून उत्तराविषयी शंका आली की दोन्ही निर्देशांकांना कोणत्याही एकाच संख्येने गुणून गणित पुन्हा करावे. उत्तर तेच राहिले तर ते दराचे उत्तर आहे. उत्तर हलले तर आपण दर काढला नसून अंशांतील अंतर काढले आहे, किंवा १०० वजा करून पातळी लिहिली आहे.

आता भत्त्याच्या सूत्राकडे वळू, कारण तेथे या सर्व चुकांना वाव आहे. सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीसाठी सूत्र असे आहे की मागील बारा महिन्यांच्या निर्देशांकांची सरासरी घ्यावी, ती २००१ च्या आधारावर आणावी, तिच्यातून २६१.४२ वजा करावेत, बाकीला २६१.४२ ने भागावे आणि १०० ने गुणावे. हे २६१.४२ कोठून आले? २०१५ या वर्षातील बारा महिन्यांच्या निर्देशांकांची ती सरासरी आहे, अर्थात २००१ = १०० या मालिकेतील. १ जानेवारी २०१६ पासून नवे मूळ वेतन लागू झाले, तेव्हा त्याआधीची सगळी महागाई मूळ वेतनात सामावली गेली असे धरून भत्ता शून्यापासून मोजण्यास आरंभ झाला. म्हणजे येथे दोन ‘आधार’ एकाच वेळी वावरतात: निर्देशांकाचे आधारभूत वर्ष २००१ आणि तुलनेचा आधार २०१५ ची सरासरी. गोंधळाचे मूळ येथे आहे. ‘आधार’ हा एकच शब्द मालिकेत जेथे १०० लिहिले त्या वर्षासाठीही वापरला जातो आणि ज्या आकड्याने आपण भागतो त्यासाठीही.

जानेवारी २०२४ चा भत्ता काढून पाहू. २०२३ मधील बारा महिन्यांचे निर्देशांक जानेवारीपासून क्रमाने असे होते: १३२.८, १३२.७, १३३.३, १३४.२, १३४.७, १३६.४, १३९.७, १३९.२, १३७.५, १३८.४, १३९.१ आणि १३८.८. त्यांची बेरीज १६३६.८ आणि सरासरी १३६.४. तिला २.८८ ने गुणले की ३९२.८३ येतात. त्यांतून २६१.४२ गेले, राहिले १३१.४१. त्याला २६१.४२ ने भागले की ५०.२७ टक्के येतात. अपूर्णांक सोडून देण्याची रीत असल्याने भत्ता ५० टक्के ठरला आणि जानेवारी २०२४ पासून तोच लागू झाला.

याच गणितातील चुकीची उत्तरे पाहिली तर कोणती चूक लगेच दिसते आणि कोणती लपते हे ध्यानात येईल. गुणक विसरून १३६.४ मधूनच २६१.४२ वजा केले तर उत्तर उणे ४८ टक्क्यांच्या आसपास येते. भत्ता उणे असू शकत नाही, म्हणून ही चूक आपोआप उघडी पडते. सरासरीतून नुसते १०० वजा केले तर ३६.४ येतात. हे उत्तर दिसायला सभ्य आहे, म्हणून अधिक फसवे. ‘निर्देशांक ३६ ने वाढला आणि सरकार ५० टक्के देते, म्हणजे आपला फायदाच झाला’ असे म्हणणारेही भेटतात. त्या ५० मध्ये २०१५ च्या सरासरीपासूनची वाढ आहे आणि ३६.४ मध्ये २०१६ ला १०० धरून झालेली, तीही निराळ्या टोपलीने मोजलेली. दोन्हींचे आरंभबिंदू आणि मोजपट्ट्या वेगळ्या असल्याने त्यांची तुलनाच होत नाही. सर्वांत लपणारी चूक सरासरीऐवजी शेवटच्या महिन्याचा निर्देशांक घेण्याची. १३८.८ ला २.८८ ने गुणून पुढे गेल्यास ५२.९१ येतात. दोन-अडीच टक्क्यांचा हा फरक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तो पकडण्यासाठी उत्तराकडे नव्हे, सूत्रात शिरलेल्या पहिल्या आकड्याकडे पाहावे लागते: तो एका महिन्याचा आहे की बारा महिन्यांचा?

याच महिन्यात, याच किमतींवर, केंद्राच्या अखत्यारीतील काही स्वायत्त संस्थांत अजून सहाव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत असलेल्या कर्मचाऱ्यांचा भत्ता २३९ टक्के होता. एका घरात पित्याच्या हाती ५० टक्क्यांचा आदेश आणि मुलाच्या हाती २३९ टक्क्यांचा, असे घडल्यास वादच व्हायचा. पण दोन्ही आदेश बरोबर आहेत. सहाव्या आयोगाच्या सूत्रात वजा करण्याचा आकडा ११५.७६ आहे, तो २००५ मधील सरासरी. ३९२.८३ ला ११५.७६ ने भागले की ३.३९ येतात, म्हणजे २३९ टक्के वाढ. किमती त्याच, निर्देशांक तोच, फक्त मोजणी २००५ पासून. दोन्ही उत्तरे एकमेकांवर घासून पाहता येतात, हे या उदाहरणाचे आणखी एक वैशिष्ट्य. ३.३९ ला १.५० ने भागले की २.२६ येतात, २६१.४२ ला ११५.७६ ने भागले तरी २.२६ च येतात. म्हणजे २००५ ते २०१५ या काळातली वाढ दोन्ही वाटांनी एकच निघाली. ती तशी निघाली नसती तर कोठे तरी आधार चुकला आहे असे समजावे. येथे ५० आणि २३९ यांची वजाबाकी करून मात्र काहीही हाती लागत नाही.

भत्ता वाढला की वर्तमानपत्रात ‘भत्त्यात ४ टक्के वाढ’ असा मथळा येतो. ४६ चे ५० झाले, म्हणून ४ टक्के. समजा मूळ वेतन ३०,००० रुपये आहे. ४६ टक्क्यांनी भत्ता १३,८०० आणि ५० टक्क्यांनी १५,००० रुपये. वाढ १२०० रुपयांची. ती मूळ वेतनाच्या ४ टक्के आहे खरी. पण मूळ वेतन व भत्ता मिळून ४३,८०० चे ४५,००० झाले, म्हणजे या दोहोंची बेरीज २.७४ टक्क्यांनी वाढली. आणि भत्ता स्वतः १३,८०० चा १५,००० झाला, म्हणजे तो ८.७ टक्क्यांनी वाढला. एकाच १२०० रुपयांची तीन नावे झाली. घरखर्चाशी तुलना करायची असेल तर २.७४ हा आकडा उपयोगी पडतो, मथळ्यातला ४ नव्हे. टक्क्यांच्या दोन आकड्यांमधले अंतर सांगताना ‘टक्के’ हा शब्द एकट्याने वापरूच नये, कशाचे टक्के हे लगोलग लिहावे, असे माझे मत आहे.

२०२३ च्या त्या बारा आकड्यांत आणखी एक धडा आहे. त्या वर्षी जुलैमध्ये टोमॅटोचे भाव गगनाला भिडले होते. जुलैचा निर्देशांक १३९.७ होता आणि आदल्या जुलैच्या १२९.९ च्या तुलनेत वर्षाचा दर ७.५४ टक्के निघाला. सप्टेंबरमध्ये निर्देशांक १३७.५ वर उतरला, म्हणजे दोन महिन्यांत किमती खरोखरच थोड्या खाली आल्या. तरी सप्टेंबरचा वार्षिक दर शून्याखाली गेला नाही. आदल्या सप्टेंबरच्या १३१.३ च्या तुलनेत तो ४.७२ टक्के होता. नोव्हेंबरच्या १३९.१ वरून डिसेंबरमध्ये १३८.८ झाले तेव्हाही तसेच: महिन्याचा बदल किंचित उणे आणि वर्षाचा दर अधिक ४.९१. ‘महागाई कमी झाली’ हे वाक्य ऐकले की म्हणून दोन प्रश्न विचारावेत. निर्देशांक उतरला की नुसता त्याच्या वाढीचा वेग मंदावला? आणि तुलना मागच्या महिन्याशी आहे की मागच्या वर्षाच्या त्याच महिन्याशी? दर ७.५४ वरून ४.९१ वर आला याचा अर्थ किमती घटल्या असा होत नाही. जुलै ते डिसेंबरमध्ये निर्देशांक थोडा उतरलाही, पण ते दरावरून कळत नाही, त्यासाठी १३९.७ आणि १३८.८ हे दोन आकडेच समोर ठेवावे लागतात.

वृत्तपत्रांत रिझर्व्ह बँकेच्या ४ टक्के लक्ष्याची चर्चा असते, ते लक्ष्य या निर्देशांकावर नव्हे, तर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारलेले आहे. त्याची टोपली निराळी, आधारभूत वर्षही निराळे. उत्तरात एका मालिकेचा अंश आणि दुसऱ्या मालिकेचा छेद आला तर वरच्या दोन्ही कसोट्या निरुपयोगी ठरतात. तेव्हा तक्त्याच्या माथ्यावरची मालिकेचे नाव सांगणारी ओळ वाचणे एवढाच उपाय उरतो.

शेवटी खानदेशाचेच एक जुने उदाहरण. जळगावच्या कामगारांसाठी राज्य सरकार पूर्वीपासून स्वतंत्र निर्देशांक प्रसिद्ध करीत असे आणि त्याच्या जुन्या मालिकेचा आधार ऑगस्ट १९३९ हा होता, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या तोंडावरचा महिना. नांदेडच्या जुन्या मालिकेचा आधार मात्र ऑगस्ट १९४३ ते जुलै १९४४ हा, ऐन युद्धातला, किमती आधीच चढलेल्या काळातला होता. त्या जुन्या तक्त्यांत जळगावचा आकडा नांदेडपेक्षा पुष्कळ मोठा दिसतो, तेव्हा जळगावात राहणे नांदेडपेक्षा महाग होते असे कोणी लिहिले तर ते चुकीचे. जळगावची मोजणी स्वस्ताईपासून सुरू झाली आणि नांदेडची महागाईपासून, एवढेच तो फरक दाखवतो. दोन्ही गावांचे आधारभूत वर्ष एकच असते तरी दोन निर्देशांकांवरून कोणते गाव महाग हे ठरले नसते, कारण प्रत्येक गावाने आपल्याच आधारभूत वर्षाच्या खर्चाला १०० म्हटलेले असते आणि ते १०० दोन गावांत सारख्या रुपयांचे नसतात. गावागावांची महागाई तोलायची असेल तर टोपलीची प्रत्यक्ष रुपयांतील किंमत घ्यावी लागते. निर्देशांकातून फक्त इतके निघते की आपल्याच आरंभापासून कोणते गाव किती पुढे गेले.